वडीलधाऱ्या कारागिरांना काय विचारावे?
माहितीपटासाठी प्रश्न आणि उपप्रश्न कसे तयार करावेत



जव्हार-मोखाडा भागातल्या आपल्या सेवाकार्यात या वर्षी एक नवे काम हाती घेतले आहे. पाड्यांवर अजूनही इरले, सूप, टोपली, कणगी विणणारी वृद्ध माणसे आहेत. त्यांच्यावर एक छोटा माहितीपट करायचा आहे. कॅमेरा धरायला मंडळीतले तरुण तयार आहेत आणि माईकही मिळाला आहे. प्रश्न मात्र कोणी तयार करायचे आणि कसे, हे ठरले नव्हते. ती जबाबदारी माझ्याकडे आली. त्या तयारीतून जे हाती लागले ते या पाठात मांडतो. तुमच्यापैकी अनेक जण आपापल्या मंडळीत किंवा गावी वडीलधाऱ्यांच्या आठवणी मोबाइलवर टिपून ठेवत असतील, त्यांनाही याचा उपयोग होईल.

सगळ्याच वस्तूंविषयी लिहीत बसत नाही. एकच वस्तू घेतो, इरले. आपल्यातील शहरी वाचकांसाठी सांगतो. भाताची लावणी वाकून करावी लागते आणि दोन्ही हात चिखलात असतात, त्यामुळे छत्रीचा उपयोग नसतो. म्हणून बांबूच्या पट्ट्यांची जाळी विणून तिच्यात पळसाची पाने बसवतात. हे कवच डोक्यावरून पाठीवर येते आणि माणूस वाकला की पाठ झाकतो. आता त्याची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली आहे. इरले विणणारे म्हातारे उरले आहेत, वापरणारे थोडे.

पहिली यादी

तरुणांनी पहिल्या बैठकीत बेचाळीस प्रश्नांची यादी आणली. त्यातले काही असे होते : तुमच्या कलेविषयी सांगा. ही परंपरा किती जुनी आहे? ही कला लोप पावत आहे याचे तुम्हाला दुःख वाटते का? सरकारने काय करावे? मिशनमुळे तुमच्या जीवनात काय बदल झाला?

यादी मनापासून केलेली होती. पण त्या म्हाताऱ्या माणसाच्या जागी बसून वाचली की अडचण दिसते. ‘कला’ आणि ‘परंपरा’ हे शब्द त्याचे नाहीत. तो इरले विणतो, कारण पाऊस येतो. ‘तुमच्या कलेविषयी सांगा’ म्हटले की तो मान हलवतो आणि गप्प बसतो. त्यावरून तो अबोल आहे, असा आपण समज करून घेतो. ‘बाबा, तुम्ही काय काय विणता?’ असे विचारले तर तोच माणूस बोटांवर मोजू लागतो. म्हणून पहिले काम शब्द बदलण्याचे. प्रत्येक प्रश्न त्या पाड्यावरच्या एखाद्या बाईला किंवा तरुणाला आधी वाचून दाखवावा आणि ‘हे तुम्ही घरी कसे विचाराल?’ असे विचारावे. वारली किंवा कोकणी बोलीतला तो प्रश्न जसाच्या तसा लिहून घ्यावा आणि शक्य असेल तर त्याच व्यक्तीने तो विचारावा.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. ‘दुःख वाटते का?’ या प्रश्नात उत्तर आधीच घातलेले आहे. समोरचा ‘हो’ म्हणतो, कारण विचारणाऱ्याला तेच हवे आहे हे त्याला कळते. आणि विचारणारे आपण कोण? औषधांचे शिबिर घेणारे, मुलांना वसतिगृहात घालणारे, अडीअडचणीला धान्य आणणारे. आपल्यासमोर म्हातारा माणूस उपकाराची भाषा बोलतो, ते स्वाभाविक आहे. शेवटच्या प्रश्नाला तर तो आपली स्तुतीच करील. असा माहितीपट पाहून आपल्या देणगीदारांना समाधान वाटेल, पण पडद्यावर एक गरीब, कृतज्ञ म्हातारा दिसेल. पन्नास-साठ पावसाळे इरली विणलेला माणूस त्यात कुठेच दिसणार नाही. निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडपाचे काम बसालेलाकडे सोपवले आहे. तिथे त्याच्या हातातल्या कसबाचा उल्लेख आहे, त्याच्या गरिबीचा नाही. मला तो प्रसंग या कामात वारंवार आठवतो.

यावर आम्ही काही साधे उपाय ठरवले. शिबिराच्या किंवा धान्यवाटपाच्या दिवशी चित्रीकरण करायचे नाही. जो वाटप करतो त्याने प्रश्न विचारायचे नाहीत. ज्या दिवसाचे काम आपण बुडवतो त्या दिवसाची मजुरी आधीच ठरवून द्यायची, उत्तरे कशीही येवोत. आणि मिशनविषयी एकही प्रश्न यादीत ठेवायचा नाही. बाबा स्वतःहून बोलले तर ऐकावे, पण ते चित्रपटात घालायचे की नाही यावर मागाहून विचार करावा.

तीन जातीचे प्रश्न

जेम्स स्प्रॅडली नावाचे एक अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ होऊन गेले. लोकांच्या मुलाखती कशा घ्याव्यात यावरचे त्यांचे पुस्तक १९७९ साली निघाले. त्यांनी प्रश्नांच्या तीन जाती सांगितल्या आहेत आणि आमची सगळी यादी आम्ही त्या तिन्हींत बसवली. पहिली जात वर्णनाची : ‘इरले करायला घेतले की पहिल्यापासून काय काय करता?’ दुसरी जात प्रकार विचारण्याची : ‘बांबू कोणकोणते असतात? पट्ट्या किती तऱ्हेच्या काढता?’ तिसरी जात फरकाची : ‘सुपाची पट्टी आणि इरल्याची पट्टी यांत काय वेगळे?’

माझ्या मते कारागिरांच्या बाबतीत तिसरी जात सर्वांत मोलाची. त्यांचे ज्ञान हातात असते, शब्दांत नसते. ‘पट्टी कशी असावी?’ या प्रश्नाला उत्तर येते, ‘बारीक.’ पण दोन पट्ट्या हातात देऊन ‘यातली कोणती घ्याल आणि दुसरी का टाकाल?’ असे विचारले की बोट बोलू लागते. बांबूच्या पाठीकडची, म्हणजे सालीकडची पट्टी चिवट आणि लवचीक असते. पोटाकडची मऊ असते, ती लवकर मोडते आणि पाणी धरते. हे ज्ञान म्हाताऱ्याकडे आहे, पण ते बाहेर काढायला दोन पट्ट्या समोर असाव्या लागतात. म्हणून प्रश्नांच्या कागदासोबत वस्तूंची एक पिशवीही तयार ठेवावी. तिच्यात एक जुने इरले, एक बिघडलेले सूप, ओली पट्टी, सुकी पट्टी असावी. पिशवीत प्लॅस्टिकचा कागदही ठेवावा, कारण त्याच्याविषयी म्हाताऱ्यांची मते ऐकण्यासारखी असतात. सगळीच काही विरोधात नसतात. ‘हलका आहे, पण वाऱ्याने उडतो,’ असे एका आजीने सांगितले.

बेचाळीस प्रश्नांचे शेवटी नऊ झाले. नऊच का, तर सत्तरी-ऐंशीच्या माणसाला एका बैठकीत चाळीस-पन्नास मिनिटांपेक्षा जास्त बसवू नये. प्रत्येक प्रश्नाला उपप्रश्न धरले तर पाच मिनिटे सहज जातात. बाकीचे तेहतीस प्रश्न वाया गेले नाहीत. त्यांतले पुष्कळसे उपप्रश्न म्हणून मुख्य प्रश्नांखाली गेले.

एक शब्द उघडणे

उपप्रश्न म्हणजे यादीतला पुढचा प्रश्न नव्हे. समोरच्याने आत्ता जे म्हटले त्यातला एखादा बंद शब्द उघडणे, हे उपप्रश्नाचे काम. चांगला, बरोबर, नीट, पुरेसा, पूर्वी, सगळे अशा शब्दांमागे कारागिराचे सगळे ज्ञान लपलेले असते. तरुणांना मी सांगितले की हे शब्द कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि यातला एकही कानावर आला की पुढच्या प्रश्नावर जाऊ नका.

आमच्या पहिल्या भेटीतला एक भाग देतो. बाबा ऐंशीच्या आसपासचे आहेत. त्यांचे बोलणे मी साध्या मराठीत लिहिले आहे.

‘बाबा, इरल्याला बांबू कसा निवडता?’

‘चांगला बघून घेतो.’

इथे आमचा प्रश्नकर्ता थांबला आणि म्हणाला, ‘या बेटातला एक चांगला आणि एक वाईट दाखवता का?’

बाबा उठले. ‘हा यंदाचा. कोवळा. वाळला की आक्रसतो, मग जाळी ढिली होते. हा दोन पावसाळ्यांचा, हा चालतो. तो मागचा जून झाला, पट्टी काढताना मोडतो.’

‘यंदाचा आहे हे कशावरून कळते?’

‘हे बघ, पेराला टरफल चिकटून आहे. अंगावर पांढरी भुकटी आहे. जुन्यावर ती राहत नाही.’ मग त्यांनी कोयत्याच्या पाठीने दोन्ही बांबूंवर टकटक केली. ‘आवाज ऐक.’

‘चांगला बघून घेतो’ एवढ्यावर पुढचा प्रश्न आला असता तर त्या तीन शब्दांखाली दबलेले वय, टरफल, भुकटी आणि आवाज कॅमेऱ्यात आलेच नसते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. इथला एकही उपप्रश्न ‘का?’ असा नाही. ‘का’ विचारले की म्हाताऱ्या माणसाला हिशेब मागितल्यासारखे वाटते आणि उत्तर येते, ‘आमच्यात असेच करतात.’ ‘कशावरून कळते?’, ‘नाही केले तर काय होते?’, ‘दाखवता का?’ हे तीन प्रश्न ‘का’चेच काम करतात, पण जाब विचारल्यासारखे वाटत नाहीत.

‘नाही केले तर काय होते?’ हा प्रश्न श्रद्धेच्या जागी विशेष उपयोगी पडतो. बाबा म्हणाले की बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा. आमच्यातला एक जण, विज्ञानाचा विद्यार्थी, वाद घालायच्या तयारीत होता. मी त्याला खुणेनेच थांबवले. विचारायचे ते असे : ‘उजेडात तोडलेला कधी वापरलात का? त्याचे काय झाले?’ बाबांनी सांगितले की घुण लागला आणि टोपलीखाली पिठासारखा भुगा पडू लागला. बांबू पोखरणारी कीड त्यातल्या पिठूळ सत्त्वावर जगते. तोडलेला बांबू पाण्यात बुडवून ठेवला तर ते सत्त्व कमी होते आणि कीडही कमी लागते, हे अभ्यासकांनाही माहीत आहे. म्हणून पुढचा उपप्रश्न होता : ‘तोडल्यावर ओढ्यात ठेवता का? किती दिवस?’ चंद्राविषयी आपले मत काहीही असो, भुगा आणि ओढा या दोन गोष्टी त्या माणसाने पाहिलेल्या आहेत. मुलाखतीत आपल्याला त्याच हव्यात.

गप्प बसणे हाही एक उपप्रश्न आहे, आणि तरुणांना तोच सर्वांत अवघड जातो. उत्तर संपले असे वाटले की मनात सावकाश पाचपर्यंत मोजावे. म्हातारी माणसे पुष्कळदा आधी घरातल्यासारखे थोडक्यात सांगतात आणि मग थांबून खरी गोष्ट सांगतात.

घरातले दुसरे माणूस

यादीतला सहावा प्रश्न होता : ‘या कामात घरातले कोण काय करते?’ तो ठेवला नसता तर आमचा माहितीपट अर्धा राहिला असता. बाबा सहज म्हणाले, ‘पाने तिची.’ म्हणजे जाळी विणणारे बाबा आणि पाने निवडून बसवणारी आजी. कॅमेरा तोपर्यंत बाबांवरच होता आणि आजी चुलीपाशी होती.

आजीला वेगळे विचारले. पळसाची पाने कोणती घेता? कोवळी घेत नाही, ती सुकली की गुंडाळतात. किडीने खाल्लेली घेत नाही, भोकातून पाणी येते. आणि पाने वरून खाली कशी लावता? तिने हाताने दाखवले. कौलांसारखी, खालची ओळ आधी आणि वरच्या ओळीची टोके तिच्यावर, म्हणजे पाणी घसरून जाते. ‘उलटे लावले तर?’ ती हसली आणि म्हणाली, ‘मग पाठ भिजते.’

याच उत्तरांतून चित्रीकरणाचे वेळापत्रक ठरले, हे मुद्दाम सांगतो. पळस फाल्गुनात फुलतो आणि त्यानंतर नवी पाने येतात. ती जून व्हायला वैशाख उजाडतो. बांबू मात्र पावसाळा उलटल्यावर, थंडीत तोडतात. आम्ही नाताळच्या सुट्टीत तीन दिवसांत सगळे उरकायचे म्हणत होतो. ते शक्य नाही. थंडीत तोडणी आणि पट्टी मिळेल, पाने मिळणार नाहीत. सुक्या पानांवर नाटक करून घेतले असते तर आजीने आपल्या मान राखण्याच्या रीतीने केलेही असते, पण ते खोटे झाले असते. म्हणून कोणत्याही कारागिराला ‘हे काम कोणत्या महिन्यात करता?’ हा प्रश्न कॅमेरा नेण्याच्या आधीच विचारावा.

कॅमेऱ्याशिवायची पहिली भेट घ्यायचीच. पण त्या भेटीत सगळे विचारू नये. वस्तू, महिना, माणसे, जागा, कानाने कमी ऐकू येते का, कोणत्या वेळी थकवा येतो, एवढेच विचारावे. गोष्ट विचारू नये. म्हातारे माणूस एकदा सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना ‘तुम्हाला त्या दिवशी सांगितले ना’ म्हणून आटोपते घेते. पहिल्या वेळचा ताजेपणा परत येत नाही.

वर्षांचेही असेच. ‘कोणत्या साली शिकलात?’ याला उत्तर नसते. ‘लग्नाच्या आधी की नंतर?’, ‘थोरला पोर चालत होता का तेव्हा?’, ‘प्लॅस्टिकचा कागद बाजारात आला त्याच्या आधी?’ असे विचारले की काळ बरोबर बसतो. आपला जिल्हा २०१४ साली ठाण्यातून वेगळा होऊन पालघर झाला. पण त्या तारखेने पाड्यावर कोणी काळ मोजत नाही, मुलांच्या जन्मांनी मोजतात.

कामाच्या जागी विचारताना एक काळजी घ्यावी. कोयता चालू असताना प्रश्न विचारू नये. बांबू फाडताना नजर पात्यावर असते आणि उत्तर देण्यासाठी माणूस मान वर करतो. पट्टी पूर्ण निघू द्यावी, मग विचारावे. आणि चित्रपटात आपला आवाज कापला जाणार असेल तर आधी सांगून ठेवावे : ‘बाबा, मी पट्टीचे विचारले तर “पट्टी अशी काढतो” असे पूर्ण सांगा.’ नाहीतर संकलनाच्या वेळी नुसते ‘हो, तसेच’ हातात राहते.

काठ

आता ‘दुःख वाटते का?’ या प्रश्नाकडे येतो. तो आम्ही काढला आणि त्याच्या जागी ठेवला : ‘तुमच्याकडून कोण काय शिकले?’ खाली उपप्रश्न होता : ‘कुठपर्यंत शिकला?’

बाबांनी पुतण्याचे नाव घेतले. तो गवंड्याच्या हाताखाली कामाला जातो, पण दिवाळीनंतर गावी असतो. कुठपर्यंत? बांबू ओळखतो. फाडतो. पट्टी काढतो, थोडी जाड निघते. जाळी विणतो. ‘मग इरले पुरे करतो?’ बाबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘काठ नाही येत त्याला.’

काठ म्हणजे इरल्याची कड. जाळीची टोके वळवून दोन जाड कांबट्यांच्या मधे, एक आतून आणि एक बाहेरून, धरायची आणि सालीच्या बारीक पट्टीने आवळत जायचे. कांबटी वाकवताना ती मोडू नये म्हणून ती किती ओली असावी आणि गाठ किती ताणावी हे हातालाच कळते. काठ ढिला राहिला की जाळी सुटू लागते आणि एका पावसात इरले जाते.

एवढे कळल्यावर आमच्या तरुणांच्या मनातला माहितीपट बदलला. ‘लोप पावणारी कला’ हे फार मोठे आणि धूसर वाक्य आहे. इथे तर नेमके कळले की बांबू ओळखणे राहील, पट्टी राहील, जाळी राहील, आणि बाबांबरोबर जाईल तो काठ. दुःखाविषयी एक शब्दही न विचारता ते मिळाले. आणि पुतण्या दिवाळीनंतर गावी असतो, हे त्याच उत्तरात होते.

चित्रीकरणाच्या आधी परवानगीही नीट घेतली. अंगठा किंवा सही घेणे पुरेसे नाही. पूर्वी केलेला एक छोटा चित्रपट मोबाइलवर दाखवून सांगितले की असे दिसेल, मुंबई-पुण्याच्या मंडळ्यांत लोक पाहतील, नको वाटले तर मधेच थांबवता येईल आणि नंतरही एखादा भाग काढून टाकता येईल. आजीने एकच अट घातली. चुलीपाशी, घरातल्या लुगड्यात नको, धुतलेले नेसून बसते. बाबांनी काही अट घातली नाही, पण पुतण्याला विचारल्याशिवाय त्याचे नाव घेऊ नका म्हणाले.

नोव्हेंबरच्या भेटीसाठी नऊ प्रश्नांतले आठ बाजूला ठेवले आहेत. त्या दिवशी बाबा आणि पुतण्या समोरासमोर बसतील, मधे अर्धे इरले असेल, आणि विचारणारा शक्यतो पुतण्याच असेल. त्याच्यासाठी कागदावर एवढेच लिहून दिले आहे : कांबटी किती वेळ भिजवली? ओली पुरे झाली हे कशावरून कळते? पहिली गाठ कुठे? माझी मोडली तेव्हा हात कुठे चुकला? आता मी ओढतो, किती ताणू ते सांगा.